पेपरात हवेत ६१.२ गुण: साडेएकसष्ट धरायचे की बासष्ट?

रेवती:
अंतर्गत गुण ४० पैकी २९.१ झालेत. लेखी पेपर ८० चा, तो ६० वर आणतात. एकूण ७५ हवेत. गणित केलं तर पेपरात ६१.२ लागतात. वर्गातली मैत्रीण म्हणते साडेएकसष्ट धर, दादा म्हणतो सरळ बासष्ट. नेमकं काय धरू?

ओंकार:
साडेएकसष्ट. पेपर तपासताना अर्धा गुण देतात, म्हणजे ६१.२ नंतर मिळू शकणारा पहिला आकडा तोच. ताळा करून बघ. ८० चे ६० करायचे म्हणजे पाऊणपट, ६१.५ चे होतात ४६.१२५. त्यात २९.१ मिळवले की ७५.२२५. झालं काम. उरलेला अर्धा गुण कशासाठी मागे लावून घ्यायचा?

मंदार:
एकसष्ट पुरतील. पॉइंट पाचच्या खाली असेल तर सोडून द्यायचं, हा नियम आपण लहानपणापासून वापरतोय. ६१.२ म्हणजे ६१.

सुहास:
माझं थोडं वेगळं मत आहे. ६१.२ टक्के म्हणजे ८० पैकी साधारण ४९ गुण. त्यात अर्ध्या गुणावर एवढी चर्चा का चाललीय ते कळलं नाही. मला मागच्या वर्षी एका विषयात याहून बरेच जास्त लागत होते.

ओंकार:
सुहास, ६१.२ हे गुण आहेत, टक्के नाहीत. टक्क्यांत ते ७६.५ होतात. ४९ वर थांबली तर एकूण ६६ च्या आत अडकेल.

वसुधा:
मी बरीच वर्षं पेपर तपासते आणि निकालाच्या तक्त्यांचं कामही करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मंदार, मिळालेले गुण जवळच्या पूर्णांकात लिहायचे असतील तेव्हा तुमचा नियम लागू होतो. इथे आकडा 'किमान किती लागतील' याचा आहे. किमान आकडा खाली आणला की तो किमान राहतच नाही. ६१ चे पाऊणपट ४५.७५, अधिक २९.१, एकूण ७४.८५. म्हणजे ७५ नाहीत. ६१.२ च्या जागी ६१.०१ आलं असतं तरी वरच जावं लागलं असतं.

तरीही तुमचे ६१ एका परिस्थितीत चालतील. रेवतीच्या संस्थेत शेवटची एकूण बेरीज जवळच्या पूर्णांकात नेत असतील, तर ७४.८५ चे ७५ होतील. पण तसा नियम असेल तर गणितच मुळापासून बदलतं. मग लक्ष्य ७५ नसून ७४.५ आहे, आणि त्यासाठी पेपरात ६०.५३ लागतात. वर गेल्यावर तिथेही एकसष्टच येतात. उत्तर तुमचंच निघालं, पण ते एकूण गुणांच्या नियमामुळे. तो नियम नसेल तर ते पडतं.

आता साडेएकसष्ट की बासष्ट. तपासनीस प्रश्नाला अर्धा गुण देतो हे ओंकारचं म्हणणं बरोबर. पण तो अर्धा गुण उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावरून तक्त्यात कसा जातो, हे बघायला हवं. काही ठिकाणी ६१.५ तसेच चढवतात. काही ठिकाणी पेपरची बेरीज पूर्ण गुणात करून ६२ लिहितात. आणि काही ठिकाणी अर्धा गुण सोडून ६१ लिहितात. पहिल्या दोन पद्धतींत साडेएकसष्ट पुरतात. तिसरीत रेवतीचे ६१ होतील आणि ती ७४.८५ वर येईल. बासष्ट मात्र तिन्ही पद्धतींत तरतात. पद्धत ठाऊक नसेल तोवर मी बासष्ट म्हणेन.

निशिगंधा:
माझ्या पेपरात हा प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने आला होता. सगळे प्रश्न पर्यायी आणि प्रत्येकाला २ गुण, चुकलं तर शून्य. मला ४४.२ लागत होते. साडेचव्वेचाळीस मिळूच शकत नव्हते आणि ४५ सुद्धा नाहीत, कारण बेरीज नेहमी समच येणार. म्हणून ४६ धरले.

ओंकार:
हेच तर म्हणतोय मी. पेपरात गुणांची सगळ्यात लहान पायरी कोणती ते बघायचं आणि तिच्यावर चढायचं. निशिगंधाची पायरी २ ची, रेवतीची अर्ध्याची. शीटमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
=CEILING((75-29.1)/0.75, 0.5)
```

शेवटचा आकडा म्हणजे पायरी. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापत असतील तर तिथे 0.25 लिहायचं, मग उत्तर सव्वाएकसष्ट येईल. 'पूर्ण गुण जास्त सुरक्षित' या कारणाने बासष्ट धरायचे असतील, तर त्याच कारणाने त्रेसष्ट का नकोत, पासष्ट का नकोत? त्याला अंतच नाही.

वसुधा:
अंत आहे ना. बासष्ट सुरक्षित 'वाटतात' म्हणून मी ते सांगत नाही. अर्धा गुण सोडून देण्याची पद्धत असेल तर रेवतीसाठी खरी पायरी १ ची होते, प्रश्नांना अर्धे गुण मिळत असले तरी. तुमच्या सूत्रात 0.5 च्या जागी 1 येईल, एवढंच. त्रेसष्टांना असं कुठलंही कारण नाही.

प्रथमेश:
मला हा सगळा वाद अभ्यासाच्या टेबलावर निरुपयोगी वाटतो. साडेएकसष्टांचा अभ्यास आणि बासष्टांचा अभ्यास वेगळा करता येतो का? एकच उत्तर दोन तपासनिसांकडे गेलं तर दीर्घोत्तरी प्रश्नात दीड-दोन गुणांचा फरक सहज पडतो. मी असतो तर ६६ धरून तयारी केली असती आणि हा हिशेब बंद केला असता.

ओंकार:
प्रथमेश, रेवतीने विचारलंय की कुठे पोचलं की ७५ होतात. तयारी किती ठेवायची हा दुसरा आकडा. ते दोन एकत्र केले की ६६ च मनात बसतात आणि ६३ वाटले तरी माणूस पेपरानंतर रडत बसतो.

प्रथमेश:
रडायचं कारण नाही, पण पेपर लिहिताना हातात वेळ किती आणि काय सोडायचं हे ठरवायला मोठा आकडाच कामाला येतो. काठावरचा आकडा धरून सोडलेला प्रश्न महागात पडतो.

वसुधा:
तुम्हा दोघांना जोडून एक सांगते. किती मिळवायचे यापेक्षा किती गमावता येतील असं मांडून बघा. बासष्ट म्हणजे ८० पैकी १८ गुण गेले तरी चालतील. समजा रेवतीने ८ गुणांचा एक उपप्रश्न सोडला. मग उरलेल्या ७२ मध्ये फक्त १० जाऊ शकतात. साडेएकसष्ट धरले तर साडेदहा. ७२ गुणांच्या लिखाणात कुणाकुणाचे दहा गुण नुसते अपुरी पायरी, राहिलेलं एकक, आकृतीला नावं नसणं यातच जातात. म्हणून ८ गुणांचं काही सोडायचं की नाही याचा निर्णय प्रथमेश म्हणतात तसा मोकळा आकडा धरूनच घ्यावा. पण निकालाच्या तक्त्यासमोर बसल्यावर ६६ ला काही अर्थ नाही.

रेवती:
सगळ्यांना धन्यवाद. दादाने बासष्ट कसे काढले ते विचारलं. त्याने आधी टक्के काढले, ७६.५ आले, त्याचे ७७ केले. ८० चे ७७ टक्के म्हणजे ६१.६, मग वर जाऊन ६२.

अजून एक सांगायचं राहिलं. २९.१ मध्ये तोंडी परीक्षेचे गुण मी अंदाजाने धरलेत. ते अजून लागलेले नाहीत. बाकीचे गुण नक्की आहेत.

वसुधा:
दादाचा आकडा बासष्ट, पण वाट चुकीची. मधल्या टप्प्यावर वर-खाली करायचं नाही, एकदाच आणि तेही अगदी शेवटी करायचं. त्याने ७६.५ चे ७६ केले असते तर ६०.८ येऊन एकसष्ट निघाले असते, म्हणजे कमी पडले असते. ७७ केल्यावर तर अर्ध्याची पायरी धरली तरी बासष्टच येतात, कारण ६१.६ ने साडेएकसष्ट आधीच ओलांडले. अर्ध्या-पूर्णाचा वाद तिथेच बुजून गेला, आणि कुणाला कळलंही नाही.

तोंडीचं मात्र सुरुवातीलाच सांगायला हवं होतंस. अंदाज अर्ध्या गुणाने चुकला आणि २८.६ झाले, तर पेपरात ६१.८७ लागतील. तिथे साडेएकसष्ट फक्त बेरीज ६२ लिहिणाऱ्या पद्धतीत पुरतात, बाकी दोन्हींत नाहीत. पूर्ण गुणाने चुकला तर ६२.५३ लागतील, म्हणजे त्रेसष्ट. अंतर्गत गुणातला प्रत्येक गेलेला गुण पेपरात एक आणि एक तृतीयांश गुण मागतो, कारण पेपरातल्या गुणाची किंमत पाऊणच आहे.

मंदार:
म्हणजे तोंडीचे गुण लागेपर्यंत हा ६१.२ च कच्चा आहे?

वसुधा:
हो. आणि ते लागेपर्यंत रेवतीला दुसरी गोष्ट शोधता येईल. चाचणीची परत मिळालेली एखादी उत्तरपत्रिका, जिच्या बेरजेत अर्धा गुण आहे, ती काढ आणि त्याच चाचणीचे लावलेले गुण बघ. अर्धा टिकला, वर गेला की सुटला, ते समोर दिसेल.

रेवती:
बघितलं. एकाच पेपरवर अर्धा गुण सापडला. पहिल्या पानावर १७.५ लिहिलेत, यादीत १८ आहेत.

ओंकार:
मग अर्धा वर जातो. साडेएकसष्ट लिहिलेस तर बासष्ट धरले जातील. माझं उत्तर कायम.

वसुधा:
चाचणीची यादी विषयशिक्षक करतात, अंतिम पेपरचा तक्ता वेगळे लोक करतात. दोन्हीकडे एकच पद्धत असेल असं या एका पेपरवरून मी म्हणणार नाही. परीक्षा विभागात विचारताना 'राउंडिंग करता का' असं मोघम विचारू नकोस. दोन प्रश्न वेगवेगळे विचार. उत्तरपत्रिकेच्या बेरजेतला अर्धा गुण तक्त्यात कसा जातो, आणि ६० वर आणल्यावर येणारा अपूर्णांक ठेवतात की नाही. तुझ्या ६१.५ चे ४६.१२५ होतात, त्यामुळे दुसरा प्रश्नही तुला लागू आहे. तिथे ४६ आणि अंतर्गतचे २९ धरले तरी बरोबर ७५ होतात, पण शिल्लक काहीच नाही.

निशिगंधा:
आणि अंतर्गत २८.६ झाले, त्याचेही ते २८ धरत असतील तर?

वसुधा:
तर साठांपैकी ४७ लागतील, म्हणजे ८० पैकी ६२.६७. अर्ध्याची पायरी धरा की एकाची, त्रेसष्टच.

रेवती:
दोन्ही प्रश्न लिहून घेतलेत. तोंडीचे गुण लागले आणि परीक्षा विभागाचं उत्तर आलं की इथेच टाकते. तोवर बासष्ट धरून चालते.