शब्दचर्चा: फुटबॉलमधली ‘मधली फळी’ खरंच फळी असते का?

शब्दवेडी: शालेय स्पर्धेच्या मराठी समालोचनासाठी शब्द जुळवते आहे. मिडफील्डला वर्तमानपत्रं ‘मधली फळी’ म्हणतात. पण रविवारी एसएसपीएमएसच्या मैदानावर पाहिलं, तर ४-४-२ खेळणाऱ्यांचे मधले चौघे खरंच ओळीत उभे होते आणि ४-३-३ वाल्यांचे तिघे मुळीच ओळीत नव्हते. मग दोघांनाही फळीच म्हणायचं? आणि ‘विड्थ’साठी ‘रुंदी’ चालेल का?

कोथरूडकर: मधली फळी म्हणजे चौथ्या-पाचव्या क्रमांकाला येणारे फलंदाज ना? ते एकामागून एक येतात, त्यात रुंदी कुठून आली? शिवाय ४-३-३ ची बेरीज दहाच होते.

शब्दवेडी: दादा, हे फुटबॉलचं चाललंय. गोलरक्षक आकड्यांत धरत नाहीत, म्हणून दहा. मोजायला सुरुवात बचावापासून करायची.

विंगर१७: माझ्या मते सोपं आहे. ४-३-३ मध्ये पुढे तिघे, म्हणून ते आक्रमक. ४-४-२ मध्ये मध्ये चौघे, म्हणून मधल्या भागावर ताबा त्यांचा.

शिट्टीवाला: पुढचे तिघे बरोबर, पण ताब्याचं उलटं आहे. ४-४-२ च्या चौघांपैकी दोघे कडेला असतात, म्हणजे मैदानाच्या मधोमध उरतात दोनच. समोर ४-३-३ असेल तर तिथे तिघे. त्यांच्यातला एक मागे, बचावासमोर थांबतो आणि दोघे त्याच्या पुढे. हा त्रिकोण झाला. म्हणून ताई, तुमची शंका रास्त आहे. ४-४-२ ला फळी शोभते, इथे ‘त्रिकूट’ म्हणा.

रविवारचा सामना मीही पाहिला. ४-४-२ चे मधले दोघे समोरच्या पुढच्या दोघांना धरून होते. त्यामुळे मागचा तिसरा मोकळाच. त्याच्याकडे चेंडू आला की तो निवांत वळायचा, मान वर करून बघायचा आणि पास द्यायचा. मधला भाग हातातून गेल्याची हीच खूण. मग प्रशिक्षकांनी उजव्या कडेच्या मुलाला आत घेतलं. आत तिघांना तिघे झाले, पण त्या बाजूचा त्यांचा फुलबॅक मोकळा सुटला आणि पुढचे दोन क्रॉस तिथूनच आले. मी असतो तर दोन फॉरवर्डपैकी एकाला त्या तिसऱ्यावर उतरवलं असतं.

जुना हाफबॅक: आम्ही कॅम्पात खेळायचो तेव्हा मिडफील्ड हा शब्दच नव्हता. मी लेफ्ट हाफ. २-३-५ मधले मधले तिघे ते हाफ. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला, सेंटर हाफ हळूहळू मागे बचावात गेला, पण नाव तेच राहिलं. माझा नातू स्टॉपर आहे, त्याला मी अजून सेंटर हाफच म्हणतो आणि तो वैतागतो.

विंगर१७: काका, हे भारी आहे. पण सर, मग लेस्टर २०१५-१६ मध्ये ४-४-२ खेळून प्रीमियर लीग कशी जिंकली?

शिट्टीवाला: मी वर म्हटलं तसंच. ओकाझाकी फॉरवर्ड असून सतत मागे उतरायचा आणि मध्ये कांटे दोघांचं काम करायचा. चेंडू बहुतेक वेळ समोरच्यांकडेच असायचा. म्हणूनच चेंडूवरचा ताबा आणि मधल्या भागावरचा ताबा यांना एकच शब्द वापरू नये. दुसऱ्याला मला ‘पकड’ योग्य वाटतं.

आता रुंदी. मोठ्या सामन्यांचं मैदान ६८ मीटर रुंद असतं. ते चौघांनी अडवायचं तर प्रत्येकाच्या वाट्याला १७ मीटर, तिघांना जवळजवळ २३. त्रिकूटाची पंचाईत इथेच होते. पुढचे विंगर मागे आले नाहीत तर कडेला एकटा फुलबॅक आणि समोर कडेचा मिडफील्डर अधिक फुलबॅक असे दोघे. त्रिकूट तिकडे धावलं की दुसरी कड ओस पडते.

शब्दवेडी: म्हणजे मैदानाला रुंदी असते आणि संघ पसरतो. मग संघासाठी ‘फैलाव’ लिहिते: ‘४-४-२ चा फैलाव मधल्या फळीतून येतो, ४-३-३ चा आघाडीच्या विंगरांकडून.’

जुना हाफबॅक: फैलाव रोगाचा होतो हो. आम्ही ‘मैदान उघडा’ असं ओरडायचो.

शिट्टीवाला: ओरडायला उत्तम, काका. पण ‘या संघाला विड्थ नाही’ हे त्यातून कसं सांगणार? आणि ताई, ४-३-३ मध्ये विंगर आत वळले तर तो फैलाव फुलबॅककडे जातो, तेवढं वाक्य बदला.

कोथरूडकर: ‘पसारा’ कसा वाटतो?

शब्दवेडी: पसारा घरात असतो, दादा. ‘त्रिकूट’ आणि ‘पकड’ घेतले. ‘विड्थ’ सध्या तशीच ठेवते.