अनुभव धागा: जुन्या गिऱ्हाइकांना दिवाळीचा निरोप कसा लिहिता?

मोटरवाला_सांगली

आमचं सांगलीजवळ मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांनी १९९८ ला टाकलं, सहा वर्षांपासून मी बघतो. वहीत ३४० च्या आसपास जुनी गिऱ्हाइकं. बहुतेक ऊसवाले आणि द्राक्षवाले, नदीकाठच्या चार-पाच उपसा योजना, दोन दूध संकलन केंद्रं आणि एक पिठाची गिरणी.

वडील दिवाळीआधी पोस्टकार्डं लिहायचे. प्रत्येकाला वेगळी, दोन-तीन ओळींची. आता त्यांचा हात थरथरतो, म्हणून यंदा व्हॉट्सॲपवर मी पाठवणार. मी लिहिलेला मजकूर असा:

"आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा! ही दीपावली आपणांस व आपल्या परिवारास सुख, समृद्धी, आरोग्य व भरभराटीची जावो. आपल्या अखंड सेवेत तत्पर."

वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "हे चौकातल्या फ्लेक्सवरनं उतरवलंस का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरगुती लिहावं तर काही गिऱ्हाइकं संस्थेची आहेत, त्यांच्या ऑफिसात कुणीही वाचणार. तुम्ही कसं लिहिता, काय चुकलं, काय जमलं, ते सांगा.

पाडवा_पहाट

सोपं आहे. व्यवसायात कायम "आपण" वापरायचं, "तुम्ही" कधीच नाही. आणि पाडव्याला व्यापाऱ्याचं नवीन वर्ष लागतं, त्यामुळे सोबत "नूतन वर्षाभिनंदन" टाका. दोन्ही कामं होतात.

खिळेजुळारी

मी छापखान्यातला माणूस. आधी खिळे जुळवले, मग ऑफसेट. व्यापाऱ्यांची दिवाळीपत्रं तीस वर्षं छापली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोटरवाले, तुमच्या मजकुरात चूक एकही नाही. दीपावलीतला दी सुद्धा दीर्घ आहे, निम्मे फलक तिथेच घसरतात. अडचण अशी की हा मजकूर सोनाराचा, पतसंस्थेचा, नगरसेवकाचा, कुणाचाही चालेल. मोटर कुठेच नाही. "सन्माननीय ग्राहक" म्हटलं की वीस वर्षं तुमच्या दुकानात चहा प्यालेला माणूस रांगेत उभा राहतो. "सेवेत तत्पर" वाचलं की सरकारी कार्यालयातली पाटी दिसते.

आता "आपण" विषयी. वरच्या सदस्यांचं अर्धं बरोबर आहे. संस्थेला, मॅनेजरला, ज्याच्याशी कागदावरच ओळख आहे त्याला "आपण" शोभतं. पण त्यात एक खाच आहे. "आपल्या व्यवसायाची भरभराट होवो" असं लिहिलंत तर कुणाच्या व्यवसायाची? तुमच्या की त्यांच्या? मराठीत "आपला" दोन्हीकडे जातो. एका कापडवाल्यांच्या पत्रात आम्ही "आपली उत्तरोत्तर प्रगती होवो" छापलं, आणि त्यांच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दुकानात येऊन हसत विचारलं, "शेठ, स्वतःलाच आशीर्वाद का?" तिथे "तुमच्या" लिहिलं असतं तर प्रश्नच आला नसता. शेतकरी गिऱ्हाइकाला "तुम्ही" मध्ये काही कमी वाटत नाही. उलट एकाच पत्रात वर "आपणांस" आणि खाली "तुमच्या" आलं की पत्र दोन माणसांनी लिहिल्यासारखं दिसतं. एक धरा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा.

शेवटच्या ओळीवर मात्र वेळ घालवा. "आपला विश्वासू" म्हणजे अर्ज किंवा बिल. "आपला स्नेहांकित" म्हणजे ओळख घरापर्यंत आहे. "कृपाभिलाषी" आता लग्नपत्रिकेत राहिला. "शुभेच्छुक" फ्लेक्सवाल्यांनी नेला, तो परत मागू नका.

फराळवाली_ठाणे

आम्ही परदेशात फराळ पाठवतो. चकली तुटू नये म्हणून डब्यात थर लावताना मध्ये बटर पेपर घालतो. तुम्ही गिऱ्हाइकांना फराळ पाठवणार असाल तर ३४० डब्यांना दसऱ्याच्या आत ऑर्डर द्यावी लागेल, नंतर कुणी घेत नाही.

मोटरवाला_सांगली

ताई, फराळ नाही हो, नुसता निरोप. पण थर लावायचं कळलं, बहीण बंगळुरात असते.

बडोदेकर

"नूतन वर्षाभिनंदन" बद्दल. मी बडोद्यात पॅकिंगच्या खोक्यांचा धंदा करतो. गिऱ्हाइकं निम्मी मराठी, निम्मी गुजराती. गुजराती माणसाचं नवं वर्ष कार्तिक प्रतिपदेला, त्या दिवशी तो "साल मुबारक" म्हणतो. मराठी माणूस त्याच दिवशी बायकोकडून ओवाळून घेतो. त्याचं वर्ष चैत्रात गुढीला लागतं. वहीपूजन आपल्याकडेही होतं, पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा मुहूर्तही आहे, पण म्हणून द्राक्षवाल्याला नूतन वर्षाभिनंदन केलंत तर तो म्हणेल, मजकूर कुठून तरी ढकललाय.

मी दोन याद्या ठेवतो. मराठी यादीला धनत्रयोदशीच्या सकाळी, गुजराती यादीला प्रतिपदेला. गुजराती निरोपात "लाभपाचमेला भेटू" एवढंच जास्त असतं, कारण त्यांची दुकानं बरीचशी तेव्हाच उघडतात. त्या दोन शब्दांना जेवढी उत्तरं येतात तेवढी बाकी अख्ख्या मजकुराला येत नाहीत.

रिटर्नवाली

मी करसल्लागार. माझी फजिती सांगते, म्हणजे मोटरवाले वाचतील.

तीन वर्षांपूर्वी ठरवलं की प्रत्येकाला नावाने पाठवायचं. फोनमधली नावं एक्सेलमध्ये उतरवली, "नमस्कार" पुढे नाव आपोआप बसेल अशी सोय केली आणि पाठवून दिलं. फोनमध्ये नावं कशी असतात ते तुम्हाला माहीत आहे. एकाला गेलं, "नमस्कार शिंदे कागद देत नाही". दुसऱ्यांना, "नमस्कार जोशी काका मोठ्याने बोला". जोशी काकांनी फोन करून मोठ्याने विचारलं. शिंद्यांनी कागद मात्र दुसऱ्या दिवशी आणून दिले, एक शब्द न बोलता.

तेव्हापासून नावाची यादी हाताने लिहिते. आणि लिहिताना एक गोष्ट लक्षात आली, जी यंत्राला कळली नसती. त्या वर्षी माझ्या यादीतली तीन माणसं गेली होती. त्यांच्या घरी पहिली दिवाळी, कंदील नाही, कढई नाही, फराळ नातेवाईक आणून देणार. अशा घरी "आनंदाची, भरभराटीची" म्हणून पाठवायचं? त्यांची नावं वेगळी काढली आणि शुभेच्छा हा शब्दच न घालता लिहिलं: "यंदा सण नाही, माहीत आहे. दादांची फाइल उघडली की त्यांचं नीटनेटकं अक्षर दिसतं. कागदपत्रांचं काही अडलं तर थेट मला फोन करा." एका मुलाने ते आईला वाचून दाखवलं म्हणाला.

उधारी_बंद

माझा धडा वेगळा. सिमेंट-सळईचं दुकान. शुभेच्छांच्या खाली एक ओळ घातली: "कृपया मागील बाकी लक्ष्मीपूजनापूर्वी जमा करून सहकार्य करावे." दिवाळीआधी हिशेब मिटवायची आपल्याकडे रीतच आहे, म्हटलं कुणाला काय वाटणार. पण ओळ सगळ्यांना गेली, ज्यांची बाकी शून्य होती त्यांनाही. एक ठेकेदार पंधरा वर्षं रोखीने घेणारा. त्याने पावत्यांचा गठ्ठा आणून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, शोधा. आता वसुलीचे फोन दसऱ्याच्या सुमारास, एकेकाला. शुभेच्छांत पैशाचं अक्षर नाही.

ऑफर घालावी का, यावर मात्र आमच्या घरात अजून वाद आहे. बायकोच्या मते सवलत सांगितली तर बिघडतं काय. मला ते वसुलीचंच भावंड वाटतं.

खरेदी_विभाग

मी समोरच्या बाजूने बोलतो. एका कारखान्यात खरेदी बघायचो. धनत्रयोदशी ते पाडवा दीड-दोनशे निरोप यायचे, पणत्यांची चित्रं तर उघडतही नव्हतो. लक्षात राहिलेला एकच. बेअरिंगवाल्याने लिहिलं होतं: "मे महिन्यात रात्री अकराला तुम्ही गेटवर स्वतः उभे राहून गाडी आत घेतली, ते विसरलो नाही. दिवाळीच्या शुभेच्छा." अशी प्रत्येकाबद्दल एक तरी गोष्ट तुमच्या वहीत असणारच की.

मोटरवाला_सांगली

प्रत्येकाबद्दल आहे, पण ३४० वेळा लिहायला दिवाळी पुरणार नाही. वडिलांना विचारलं की कार्डावर नक्की काय लिहायचात. त्यांनी एक जुनं सापडवलं, पत्ता चुकल्यामुळे परत आलेलं, २०१९ चं. ऑगस्टच्या पुरात त्या माणसाची साडेसातची मोटर गाळात गेली होती: "मोटर कोरडी करून भरली आहे. घाई नको, आधी घर लावा. दिवाळी गोड होवो." झालं, एवढंच.

मग हे लिहिलं:

"नमस्कार. पावसाळ्यात नदीवरून वर काढलेल्या मोटरी पुन्हा काठावर निघाल्या, म्हणजे दिवाळी आली. १९९८ पासून तुमच्या मोटरी आमच्या हातात देताय, वडिलांना आणि मला त्याची जाणीव आहे. तुम्हाला आणि घरच्यांना दिवाळीच्या शुभेच्छा. चार महिने बंद असलेला पंप सुरू करण्याआधी, लाइट बंद ठेवून, शाफ्ट हाताने फिरवून बघा. अडकत असेल तर बटण दाबू नका, फोन करा. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज दुकान बंद, फोन चालू."

खिळेजुळारी

हा तुमचाच आहे, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. दोन बदल सुचवतो. "१९९८ पासून" सगळ्यांना लागू नाही, अलीकडे जोडलेल्याला खोटं वाटेल. "इतकी वर्षं" करा. आणि शाफ्टची ओळ शुभेच्छांच्या नंतर आहे ती तिथेच असू द्या. आधी आली असती तर माहितीपत्रक झालं असतं. गिरणीला आणि दूध केंद्रांना नदीची ओळ काढून "आपण" चा वेगळा मजकूर करा, तीनच तर आहेत.

पाडवा_पहाट

शुभेच्छांत शाफ्ट? मला नाही पटलं. सणाच्या दिवशी बिघाडाची आठवण कशाला. पण "नूतन वर्ष" माझं मागे घेतो.

रिटर्नवाली

ब्रॉडकास्टने पाठवणार असाल तर एका यादीत २५६ च बसतात, म्हणजे दोन याद्या. आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना पोहोचतच नाही, तुम्हाला वाटतं गेला. ग्रुप तर मुळीच करू नका. आमच्या ओळखीतल्या एका वितरकाने केला, सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसले आणि पाडव्याच्या सकाळी तिथे दरांची तुलना सुरू झाली.

मोटरवाला_सांगली

दोन याद्या केल्या. पाच घरं बाजूला काढली, तिथे फोन करणार. शाफ्टची ओळ ठेवतोय. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात जाम झालेल्या पंपावर बटण दाबून जळालेल्या अकरा मोटरी भरल्या, वहीत आहेत.

खाली नाव कुणाचं, हे राहिलंय. गिऱ्हाइकं वडिलांची, लिहिलंय मी. वडील म्हणतात तुझं टाक. आई म्हणते दोघांचं. आणि सोळा जणांकडे साधा फोन आहे, त्यांच्यासाठी वडिलांनी मला पोस्टातून कार्डं आणायला लावली आहेत. लिहिणार मी, सही तेच करणार म्हणतात, वाकडी आली तरी.