क्लायंटला कामाआधी पाठवायची प्रश्नावली कोणी नीट भरतच नाही, मदत हवी आहे

शाईचा_डाग
नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय. कामाआधी क्लायंटकडून माहिती घ्यायला गूगल फॉर्म केलाय, ३४ प्रश्न, काही सुटू नये म्हणून सगळं घातलंय, ब्रँडचा टोन, टार्गेट ऑडियन्स, आवडते रंग, स्पर्धक वगैरे. मागच्या पाच जणांतल्या दोघांनी उघडलाच नाही, एकजण म्हणाला अर्धा भरला आणि गेला उडून, आणि बाकी दोघांची उत्तरं म्हणजे "मॉडर्न पण साधं", "सगळ्यांसाठी". शेवटी फोन करून तेच सगळं परत विचारावं लागतं. उद्या दुपारपर्यंत नव्या क्लायंटला पाठवायचाय, कोणते प्रश्न ठेवू, कोणते काढू, पटकन सांगा प्लीज.

अर्धविराम
काम कसलं? लोगो, वेबसाइट, लेखन? आणि फॉर्म कोटेशनच्या आधी जातो की काम नक्की झाल्यावर? हे कळल्याशिवाय काय सांगणार.

शाईचा_डाग
फ्रीलान्स काम हो. मजकूर लिहिते आणि ले-आउट पण करते. आत्ताचं काम १२ पानी ब्रोशर, दोन्ही माझ्याकडे. फॉर्म कोटेशनच्या आधीच जातो, त्यावरूनच तर रेट सांगायचा असतो.

गच्चीवरचा
फॉर्मबिर्म सोडा, सरळ फोन करा. मी वीस मिनिटं बोलतो, माणूस फोनवर भडाभडा बोलतो, लिहायला सांगितलं की गप्प. इतकी वर्षं काम करतोय, एकही फॉर्म पाठवला नाही.

खिळेजुळारी
ताई, अडचण इथेच आहे. ज्याने अजून काम द्यायचं ठरवलंच नाही त्याला तुम्ही ३४ प्रश्नांचा पेपर देताय, तो कशाला तासभर बसेल. दोन भाग करा. कोटेशनच्या आधी फक्त पाच-सहा प्रश्न, तेही असे की ज्यांच्या उत्तराने तुमचा आकडा किंवा तारीख बदलते. आवडता रंग कळून तुमचा रेट बदलतो का? नाही ना, मग तो प्रश्न तिथे नको. बाकीचे ॲडव्हान्स आल्यावर.

दुसरं म्हणजे मत विचारू नका, वस्तू किंवा घडलेली गोष्ट विचारा. "टार्गेट ऑडियन्स कोण" याचं उत्तर "सगळे" असंच येणार. त्याऐवजी विचारा, "गेल्या तीन गिऱ्हाइकांनी घ्यायच्या आधी तुम्हाला काय काय विचारलं?" हे त्याला आठवून सांगता येतं, आणि तुमच्या ब्रोशरचे मथळे अर्धे तिथेच मिळतात. तसंच "लोगो तयार आहे का" विचारलं की सगळे हो म्हणतात. माझ्या एका कामात तो "तयार" लोगो म्हणजे चॅटवरून फिरून आलेली बारकी जेपीजी निघाली, कव्हरवर मोठी केल्यावर कडा फाटल्या, आणि मूळ व्हेक्टर फाइल शोधण्यात चार दिवस गेले. तेव्हापासून मी "लोगोची फाइल जोडा, एआय, ईपीएस, एसव्हीजी किंवा पीडीएफ जी असेल ती" असं लिहितो. पीडीएफ आली तरी झूम करून बघायची, कारण पुष्कळदा त्यात तीच जेपीजी चिकटवलेली असते. फोटोंचंही तसंच, छपाईला ३०० डीपीआय धरलं तर १० सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोला साधारण १,२०० पिक्सेल रुंदी लागते, म्हणून नुसतं "फोटो आहेत का" नको, दोन नमुने मागा.

रिकामी_ओळ
मी तर म्हणेन आधी करार करा. मी दोनच वेळा बदल करून देते, तिसऱ्याला वेगळे पैसे, हे पहिल्याच मेलमध्ये लिहिते. एका क्लायंटने माझ्याकडून अकरा वेळा बदल करून घेतले होते आणि शेवटी पहिलंच डिझाइन घेतलं, तेव्हापासून कानाला खडा.

अर्धविराम
रिकामी_ओळ, करार हवाच, पण त्या प्रश्न विचारतायत प्रश्नावलीबद्दल. गच्चीवरचा, फोनवर बोललेलं नंतर "मी असं म्हणालोच नव्हतो" होतं त्याचं काय करता?

गच्चीवरचा
वहीत टिपतो की.

खिळेजुळारी
वही तुमची आहे, त्याने पाहिली नाही. फोन वाईट नाहीच, मीसुद्धा लांबलचक प्रश्न फोनवरच विचारतो. पण ठेवल्यावर लगेच दहा ओळींचा मेल करतो की आपलं असं असं ठरलं, चूक असेल तर कळवा, आणि त्याचं "बरोबर" आल्याशिवाय पान उघडत नाही. अकरा वेळा बदलाचं मूळही बहुतेक वेळा न विचारलेल्या एका प्रश्नात असतं, शेवटचा होकार कोणाचा.

शाईचा_डाग
तो माझ्या फॉर्ममध्ये आहे, "निर्णय कोण घेणार?" सगळे "मीच" लिहितात, आणि तिसऱ्या प्रूफला पार्टनर उगवतो. असो, हे सहा काढलेत बघा:
१) ब्रोशर कुठे, कोणाच्या हातात पडणार आणि वाचून त्याने काय करावं?
२) मजकुरासाठी आत्ता लिखित काय आहे? असेल ते जोडा.
३) लोगोची फाइल आणि दोन फोटो जोडा.
४) कधी हवंय?
५) निर्णय कोण घेणार?
६) बजेट किती?

खिळेजुळारी
छान झालेत. चौथ्यात "कधी" बरोबर "त्या दिवशी काय आहे" हेही विचारा. प्रदर्शन असेल तर तारीख हलत नाही आणि छपाईचे दिवस मागे मोजावे लागतात, नुसतंच "लवकर" असेल तर हलते. पाचवा बदला, "छपाईला जायच्या आधी आणखी कोण कोण बघणार?" निर्णय मीच घेतो म्हणणाऱ्यालाही इथे बाकीची नावं लिहायला अवघडल्यासारखं होत नाही.

गच्चीवरचा
बजेट विचारू नका. विचारलं की माणूस कमीच सांगतो, मग तुम्ही त्या आकड्यात अडकता.

रिकामी_ओळ
अजिबात नाही, विचाराच. मी तीन टप्पे देते, यातला कुठला, म्हणून. सगळ्यात खालच्या टप्प्याच्याही खाली असेल तर तिथेच थांबता येतं, कोटेशन करायचा अर्धा दिवस वाचतो.

खिळेजुळारी
मी दोन्ही करून पाहिलंय. ओळखीतून आलेला बजेट सांगतो, नवखा बहुतेक वेळा ती जागा रिकामी सोडतो. सक्तीचा प्रश्न तरी करू नका, तिथेच फॉर्म बंद करतात.

अर्धविराम
तांत्रिक गोष्ट एक राहिली. गूगल फॉर्ममध्ये फाइल जोडायचा प्रश्न टाकला की भरणाऱ्याला गूगल खात्यातून लॉगिन करावंच लागतं, ज्याचं खातं नाही तो तिथेच अडकणार. आणि लॉगिन नसेल तर अर्धवट भरलेलं सेव्ह होत नाही, तुमच्या त्या क्लायंटचं उडालं ते बहुधा यामुळेच. सहाच प्रश्न आहेत तर सरळ मेलमध्ये लिहा, खाली उत्तरं टाइप करतील आणि फाइल तिथेच जोडतील.

शाईचा_डाग
मेलमध्येच पाठवते मग. बजेट तीन टप्प्यांत ठेवलंय, सक्तीचं नाही.

शाईचा_डाग
दुसऱ्या दिवशी रात्री लिहितेय. तीन तासांत उत्तर आलं! लोगो खरा व्हेक्टर निघाला. तारीख प्रदर्शनाची आहे, म्हणजे हलणार नाही. पहिल्याला लिहिलंय, स्टॉलवर देणार, वाचून लोकांनी नमुना मागवायला फोन करावा, म्हणजे फोन नंबर मागच्या पानावर दडपून चालणार नाही हे आत्ताच कळलं. मजकूर काहीच नाही, फक्त जुनं दरपत्रक, तेव्हा लिखाणाचे दिवस वेगळे धरतेय. बजेटची जागा रिकामी. आणि पाचव्याला उत्तर आहे, "मी आणि मोठा भाऊ, पण तो फक्त शेवटी बघेल." याचं काय करू?

खिळेजुळारी
कोटेशनमध्येच लिहा की मजकूर दोघांनी होकार दिल्यावरच ले-आउटला जाईल. भावाला मजकुराचा साधा कागद दाखवा, पानं सजवल्यावर नको. तेव्हा एक परिच्छेद बदलला की बाराही पानं हलतात.

गच्चीवरचा
आणि भावाला एक फोन करा.

खिळेजुळारी
हे मात्र खरं. पण फोननंतर मेल दोघांना.