मोठ्या अपघातानंतर गाडी दुरुस्त झाली, पण किंमत गेली: तुमचे अनुभव सांगा

गेल्या पावसाळ्यात कसारा घाटात समोरून येणारा टेम्पो लेन सोडून आमच्या गाडीवर आला. आम्ही चौघेही बचावलो. उजवीकडची पुढची बाजू मात्र पार आत गेली. गाडी साडेतीन वर्षांची, पॉलिसीतली आयडीव्ही ६ लाख २० हजार. वर्कशॉपचं पहिलं एस्टिमेट ३ लाख ९५ हजारांचं आलं. मी झिरो डेप घेतलेलं असल्याने निर्धास्त होतो. गाडी उघडल्यावर एप्रन आणि चॅसीची उजवी लेग वाकलेली निघाली, तेव्हा पुरवणी एस्टिमेट लागलं आणि एकूण बिल ४ लाख ४२ हजारांवर गेलं. माझ्या खिशातून जेमतेम अकरा हजार गेले. सात आठवड्यांनी गाडी आली तेव्हा ती नवी दिसत होती आणि घरात पेढे वाटले गेले.

अपघातानंतर पाच महिन्यांनी विकायला काढली. त्याच मॉडेलच्या, तेवढ्याच चाललेल्या गाडीला बाजारात ५ लाख ९० हजार मिळत होते. माझ्या गाडीचा इन्स्पेक्शन करणारा मुलगा दहा मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून होता. नंतर त्याने फोनवर फक्त ‘एप्रन कट आहे’ एवढं सांगितलं आणि भाव आला ४ लाख ३० हजार. दुसरीकडे ४ लाख १५ हजार.

हे १ लाख ६० हजार कोणाचे गेले? विमा कंपनीने दुरुस्ती दिली, तिच्याबद्दल तक्रार नाही. बिल आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ४ लाख ६५ हजारांच्या पुढे गेलं असतं, तर गाडी टोटल लॉस झाली असती आणि मला जवळजवळ सहा लाख वीस हजार मिळाले असते. तेवीस हजारांच्या फरकाने मी या बाजूला राहिलो. असं कोणाचं झालंय का? काय केलंत?

डोंबिवलीकर
झिरो डेप असूनही तुमचं नुकसान झालं, कारण तुम्ही रिटर्न टू इन्व्हॉइस घेतलं नव्हतं. माझ्या भावाने घेतलं होतं. त्याला शोरूमच्या बिलाची पूर्ण किंमत आणि रोड टॅक्ससुद्धा मिळाला. तुम्हालाही हा फरक त्यातूनच मिळाला असता.

निवृत्त सर्व्हेअर, पुणे
डोंबिवलीकर, तुमच्या भावाला मिळाले ते बरोबर आहे, पण त्याची गाडी टोटल लॉस किंवा चोरीला गेलेली असणार. गाडी दुरुस्त होते तेव्हा ते कव्हर चालतच नाही. झिरो डेपचाही इथे संबंध नाही. ते पार्ट्सवरचा घसारा कापू देत नाही, बस्स. एरवी बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या पार्टवर निम्मे कापले जातात. गाडीच्या बाजारभावात झालेली घट ओन डॅमेजमध्ये येत नाही, पॉलिसीत ती स्पष्ट वगळलेली असते.

धागाकर्त्यांना मनापासून सांगतो, चूक पहिल्या एस्टिमेटच्या वेळी झाली. समोरून असा मार बसला की वरवर बघून एस्टिमेट करायचंच नाही. बंपर, रेडिएटर सपोर्ट, फेंडर काढून लेग आणि एप्रन मोजून घ्यायचे आणि मगच सर्व्हेअरने दुरुस्ती की टोटल लॉस हे ठरवायचं. काम सुरू झाल्यावर पुरवणी येत राहते, पार्ट्स आलेले असतात, मग कोणीही मागे फिरत नाही. मी तीस वर्षं हेच पाहिलं. वर्कशॉपला लेखी कळवायचं: ‘पूर्ण डिसमँटल झाल्यावरचं एस्टिमेट मिळाल्याशिवाय कामाला माझी संमती नाही.’

७५ टक्के नेमके कशाचे, यावर मात्र भांडणं होतात. काही जण संपूर्ण दुरुस्तीखर्च धरतात, काही घसारा वजा करून. मी संपूर्ण खर्च धरायचो. माझे सगळे सहकारी धरत नसत.

सातारची मीना
माझं वेगळंच झालं. माझी स्कूटी पुरात बुडाली आणि इंजिनात पाणी गेलं. विमावाले म्हणाले, पाणी गेल्यावर स्टार्टर मारलात म्हणून इंजिन देणार नाही. यावर काही करता येईल का? धाग्याचा विषय हाच आहे ना, की विमा कमी देतो?

धागाकर्ता
मीनाताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण महत्त्वाचा आहे. स्वतंत्र धागा काढा, मीही वाचेन.

कोल्हापूर, जुन्या गाड्यांचा व्यवसाय
आम्ही बिलाचा आकडा बघून भाव पाडत नाही, कुठलं लोखंड कापलं ते बघतो. मागे एक गाडी आली, बिल पावणेतीन लाखांचं. बॉनेट, दोन्ही लाइट, रेडिएटर, एअरबॅग, डॅशबोर्ड. हे सगळं बोल्टवर बसतं आणि मूळ सांगाडा धक्क्यालाही लागला नव्हता. मालकाने बिलं आणि फोटो दाखवले, चाळीस हजार कमी देऊन घेतली. दुसऱ्या गाडीचं बिल फक्त सत्तर हजार, पण मागचा क्वार्टर पॅनल कापून जोडलेला आणि डिकीचा फ्लोअर ठोकलेला. ती लाखाने खाली गेली.

बघायचं कसं, तर दाराचं रबर खाली ओढा. कंपनीचे स्पॉट वेल्ड गोल आणि सारख्या अंतरावर असतात. हाताने जोडलेलं असेल तर ते वेडेवाकडे असतात किंवा पुट्टीखाली गायब असतात. बॉनेटच्या कडेचं सीलंट कंपनीचं असेल तर एकसारखी पट्टी दिसते, नंतरचं बोटाने फिरवलेलं कळतं. सीटबेल्ट पूर्ण ओढा, तळाशी लेबलवर तारीख असते. गाडी २०२१ ची आणि बेल्ट २०२४ चा, तर एअरबॅग उघडल्या होत्या का हे विचाराच.

श्टुटगार्टहून
इथे समोरच्याची चूक असेल तर त्याच्या विमा कंपनीकडून दुरुस्तीशिवाय ‘वेर्टमिंडरुंग’ म्हणून वेगळी रक्कम मागता येते. माझी दोन वर्षांची गाडी मागून ठोकली गेली. मी स्वतः निवडलेल्या तज्ज्ञाने अहवालात दुरुस्तीखर्चाखाली ही घट वेगळी लिहिली आणि ती मिळाली. जुन्या, खूप चाललेल्या गाडीला सहसा देत नाहीत. स्वतःची चूक असेल तर स्वतःच्या विम्यातून तेही नाही.

निवृत्त सर्व्हेअर, पुणे
आपल्याकडेही वाट तीच, टेम्पोच्या थर्ड पार्टी विम्यावर. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण मालमत्तेचं नुकसानही ऐकतं. दुरुस्तीचे पैसे तुमच्या कंपनीने दिलेत, ते पुन्हा मागता येणार नाहीत. तुमचे अकरा हजार आणि भावातली घट मागता येईल. घट मान्य होईलच, असं मी सांगणार नाही. पण पुरावा हवा: पोलिसांचा पंचनामा, एप्रन कापल्याचे फोटो, सर्व्हे रिपोर्ट आणि दोन-तीन व्यापाऱ्यांचे लेखी भाव. अपघाताची तारीख कोणती? २०१९ च्या दुरुस्तीने अर्जाला सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

धागाकर्ता
१९ जुलै. आज ३ जानेवारी. पंचनाम्याची प्रत आहे, वर्कशॉपमधले फोटो मी रोज काढत होतो. कोल्हापूरकर, लेटरहेडवर भाव लिहून द्याल का? गाडी घेऊन येतो, तुम्ही स्वतः रबर ओढून बघा.

कोल्हापूर, जुन्या गाड्यांचा व्यवसाय
या. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी सकाळी या, उजेडात बघू. पण जे दिसेल तेच लिहीन.