एकच फोटो, तीन नावं: शिकारी पक्षी ओळखताना कुणाचं ऐकायचं? सल्ला हवा

सायली_जु

नमस्कार मंडळी. जानेवारीत जुन्नरजवळ, माणिकडोहच्या बाजूला, सकाळी साडेसातच्या सुमारास वाळलेल्या शिरीषावर बसलेला एक मोठा शिकारी पक्षी टिपला. घारीएवढा किंवा थोडा मोठा. तपकिरी अंग, छातीवर गडद रेघा, डोक्यामागे दोन-तीन पिसांची आखूड शेंडी, पिवळा डोळा. ऊन मागून होतं, त्यामुळे पोट काळवंडलंय.

आता गंमत बघा. गूगल लेन्सला पूर्ण फोटो दिला तर पहिल्या ओळीतले जवळजवळ सगळे फोटो चेंजेबल हॉक-ईगलचे. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपला तारीख आणि ठिकाण भरून तोच फोटो दिला तर आधी मधुबाज, म्हणजे ओरिएंटल हनी-बझर्ड, आणि खाली हॉक-ईगल. घरात एक जुनं खिशातलं पुस्तक आहे, त्यात चित्रं चाळली तर मला सर्पगरुड सगळ्यात जवळचा वाटला. मधुबाजाचं त्यात एकच चित्र आहे आणि ते माझ्या पक्ष्यासारखं अजिबात नाही.

मला नुसतं नाव नकोय. अशी तीन तोंडं तीन दिशांना असतात तेव्हा तुम्ही वजन कशाला देता, ते सांगा.

अण्णा६१

जरा ढग असतील तर पोट काळं येत नाही. पण लेन्सबद्दल विचारलंत म्हणून सांगतो, शिकारी पक्ष्यांना चारशे मिलिमीटर कमीच पडते. माझ्याकडे दीडशे-सहाशे आहे, जड आहे पण पैसा वसूल. वापरलेली घ्यायची असेल तर आत बुरशी धरली आहे का तेवढं बघून घ्या.

टिटवी

अण्णा, ती गूगलची लेन्स म्हणतेय हो 😄

सायली, शेंडी आहे ना? मग हॉक-ईगलच. शेंडीच त्याची खूण. लेन्सने दिलेले सगळे फोटो जर एकच नाव सांगतायत तर एवढे लोक चुकतील का?

घाटवाटकरी

चुकतात. एकाने चुकलं की बाकीचे तेच उचलतात.

सायली, लेन्सच्या पहिल्या ओळीतला एकेक फोटो उघडून बघा आणि दोन गोष्टी तपासा. पहिली, ते फोटो खरंच वेगवेगळे आहेत का. एकच फोटो वॉलपेपरच्या साइटवर, कुठल्याशा रिसॉर्टच्या पानावर आणि पिंटरेस्टवर असा तीनदा येतो. टिनआयमध्ये तो टाकून सगळ्यात जुन्याप्रमाणे लावलात तर बहुतेक वेळा मूळ सापडतं. निदान तिन्ही प्रती एकाच फोटोच्या आहेत हे तरी कळतं. तिन्ही मिळून मत एकच धरायचं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जो फोटो जुळला म्हणून दाखवलाय, त्यातला पक्षी तरी त्याच्या खालच्या नावाचा आहे का? लेन्स सारखे दिसणारे फोटो शोधते. वाळकी फांदी, मागून ऊन, मान वळवून बसलेला तपकिरी पक्षी, एवढं जुळलं की झालं. नाव ती आसपासच्या मजकुरातून उचलते आणि तो मजकूर लिहिणारा पर्यटक असू शकतो.

आता तुमच्या पक्ष्याचे पाय दाखवा. पायांचा भाग कापून मोठा करून टाका, रंग उजळा, आणि काही करू नका.

सायली_जु

टाकलाय. पिवळे पाय दिसतात, बोटांच्या वर बऱ्यापैकी उंचीपर्यंत पिसं नाहीत. त्याच्या वर मात्र पोटाची पिसं फुगून आलीत. आणि लेन्सचे निकाल उघडून पाहिले. पहिल्या सहापैकी तीन खरंच एकच फोटो होता! एकात तर हॉक-ईगल लिहिलेल्या पक्ष्याचे पाय माझ्या पक्ष्यासारखेच उघडे दिसले.

टिटवी

बरं, शेंडीचं मागे घेते. म्हणजे पाय उघडे असले की मधुबाज. हे सोपं आहे, लक्षात ठेवायला बरं.

घाटवाटकरी

थांबा, इतकं सोपं नाही. हॉक-ईगलचे पाय पार बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले असतात, विजार घातल्यासारखे. पिल्लूही त्याला अपवाद नाही. म्हणून उघड्या पायांनी हॉक-ईगल बाद होतो, एवढंच. सर्पगरुडाचेही पाय उघडे आणि पिवळेच असतात. सायलीला पुस्तकात तो जवळचा वाटला त्यात काही वावगं नाही.

या दोघांत निवडायचं तर तोंडाकडे बघा. तुरेवाल्या सर्पगरुडाला डोळ्यापासून चोचीपर्यंत भडक पिवळी उघडी कातडी असते, लांबूनही नजरेत भरते. डोकं मोठं, जाडजूड, आणि पोटावर पांढरे ठिपके, रेघा नव्हेत. मधुबाजाच्या त्याच जागी बारीक, खवल्यांसारखी पिसं असतात, कातडी दिसत नाही. गांधीलमाशांची आणि मधमाश्यांची पोळी फोडून खाणारा पक्षी, त्याला तिथे संरक्षण लागणारच. डोकं लहान, कबुतरासारखं, मान लांब, नाकपुडी चिरेसारखी. डोळ्याचा रंग मी शेवटी बघतो, कारण पिवळा डोळा तिघांनाही असू शकतो.

शेंडीबद्दलही सांगतो. आपल्याकडच्या हॉक-ईगलला लांब, उभी शेंडी असते, पार दहा सेंटिमीटरच्या आसपास. हिमालयाच्या पायथ्याचा आणि आग्नेय आशियातला जो प्रकार आहे त्याला जवळजवळ नसतेच. लेन्स तिकडचे फोटो इथल्या पक्ष्याला जुळवते आणि शेंडी आखूड असूनही कुणाला खटकत नाही. पण शेंडीचं वजन मी कमीच धरतो. वारा असला की ती आडवी पडते, आणि आखूड शेंडी मधुबाजालाही असते. पायावरची पिसं वाऱ्याने उडून जात नाहीत.

परदेशी_पाखरू

मी सिंगापूरला असतो. इकडे हिवाळ्यात उत्तरेकडून मधुबाज येतात आणि या भागातल्या रहिवासी मधुबाजांत काही काळ्या-पांढऱ्या रंगाचे असे असतात की ब्लाइथ्स हॉक-ईगल म्हणून कुणीही फसावं. इथल्या ग्रुपवर दर हंगामात हाच वाद. कुणी म्हणतं मोठ्या शिकाऱ्यांनी त्रास देऊ नये म्हणून ते त्यांचं रूप घेतात. पटतं, पण सिद्ध झालंय असं मी तरी म्हणणार नाही.

माझा प्रश्न वेगळाच आहे. एका पुस्तकात ओरिएंटल हनी-बझर्ड आहे, दुसरीकडे क्रेस्टेड हनी बझर्ड. हे दोन पक्षी का?

घाटवाटकरी

एकच. नावाच्या याद्या वेगळ्या आहेत. शोधपट्टीत `Pernis ptilorhynchus` टाका, दोन्हीकडे तोच पक्षी निघेल. निकाल वेगळे दिसले की आधी शास्त्रीय नावावर यायचं, अर्धी भांडणं तिथेच मिटतात. हॉक-ईगलला मात्र जुन्या पुस्तकांत `Spizaetus` आणि नव्यांत `Nisaetus` असेल, तिथे नुसतं पहिलं नाव बघून वेगळा पक्षी समजू नका.

सायली_जु

तोंड मोठं करून पाहिलं. डोळा आणि चोचीच्या मध्ये पिवळं काहीच नाही, राखाडी-तपकिरी आहे. डोकं खरंच लहान. पोटावर रेघाच आहेत, ठिपके नाहीत.

आणखी एक केलं. नुसतं डोकं कापून लेन्सला दिलं, तर यावेळी मधुबाज जास्त आले. म्हणजे पूर्ण फोटोत ती फांदी आणि बसण्याची ढबच बघत होती का?

घाटवाटकरी

असू शकतं. मी हा प्रयोग उपयोगी मानतो, पण वेगळ्या कारणासाठी. तुकडे करून दिल्यावर निकाल बदलला, याचा अर्थ पहिला निकाल डळमळीत होता. दुसरा बरोबर आहे असं त्यातून निघत नाही. तो बरोबर वाटतो कारण पाय आणि तोंड तुम्ही स्वतः पाहिलंत.

मर्लिनचं म्हणाल तर तारीख आणि ठिकाण दिल्याने इथे न येणारे पक्षी गळतात, ते चांगलंच. पण हे तिन्ही पक्षी सह्याद्रीच्या आसपास आहेत, त्यामुळे ठिकाणाने तुमचा हा प्रश्न सुटला नसता. ईबर्डवर चुकीचं नाव टाकलं असतं तरी दुर्मीळ नाही म्हणून कुणी विचारलंही नसतं.

आणि खिशातलं पुस्तक. मधुबाज हा रंग बदलण्यात अवली पक्षी. जवळजवळ पांढऱ्यापासून चॉकलेटी काळ्यापर्यंत, रेघांचा, पट्ट्यांचा, कोरा, सगळ्या तऱ्हा. एकाच चित्राचं पुस्तक इथे 'नाही' म्हणालं तर ते मोजायचंच नाही. ग्रिमेट-इन्स्किपच्या पुस्तकात त्याची बरीच रूपं आहेत. शिकारी पक्ष्यांचंच वेड लागलं तर रिशाद नौरोजींचं २००६ चं जाडजूड पुस्तक कुठल्या ग्रंथालयात मिळतंय का बघा.

टिटवी

मग आयनॅचरलिस्टवर टाकून मोकळं व्हावं ना. दोघांनी हो म्हटलं की रिसर्च ग्रेड.

घाटवाटकरी

टाका की, पण दुसऱ्या माणसाने पाय पाहून हो म्हटलं की तुमचं नाव वाचून, हे त्या शिक्क्यात दिसत नाही. मी तरी टिप्पणीत लिहितो: पायावर पिसं नाहीत, डोळ्यापुढे पिवळी कातडी नाही. मग ज्याला नाकारायचं आहे त्याला त्या दोन गोष्टी नाकाराव्या लागतात. पायांचा आणि तोंडाचा कापलेला फोटोही सोबत जोडा.

सायली_जु

जोडते. मादी म्हणून लिहू का? कुठेतरी वाचलं की नराचा डोळा गडद आणि मादीचा पिवळा.

परदेशी_पाखरू

मादीच. चोचीच्या बुडाशी राखाडी दिसतंय, म्हणजे पिल्लूही नाही. पिल्लाचं तिथे पिवळं असतं. मी तर इथलाच रहिवासी मधुबाज म्हणेन, शेंडी आहे म्हणून. उत्तरेकडून येणाऱ्यांना ती इतकी नसते.

घाटवाटकरी

पिल्लू नाही इथपर्यंत मी तुमच्याबरोबर. मादी असण्याची शक्यता जास्त, पण शेपटी फांदीमागे आहे आणि मला ते पट्टे बघायचे आहेत. नराच्या शेपटीवर दोन रुंद काळे पट्टे आणि मध्ये रुंद फिकट पट्टा, मादीचे बारीक आणि जास्त. रहिवासी की पाहुणा हे मी जानेवारीतल्या पक्ष्याबद्दल एका आखूड शेंडीवरून लिहिणार नाही. सायली, उडतानाचा एखादा धूसर फोटो असला तरी चालेल, शेपटी पसरलेली हवी.

परदेशी_पाखरू

शेंडी अगदीच टाकाऊ पुरावा नाही हो.

सायली_जु

उडतानाचा एक आहे, पूर्ण हललेला. संध्याकाळी कार्ड काढून टाकते. तोवर नुसतं मधुबाज लिहून ठेवलंय.

अण्णा६१

हललेला म्हणजे शटरचा वेग किती होता?