सभेतील प्रत्येकीला दुभाषींचा व्हिडिओ सतत दिसावा यासाठी काय करावे? (मदत हवी आहे)

भुईकोट
नमस्कार. सोलापुरातील कर्णबधिर महिलांच्या एका बचत गटाचे हिशेब मी पाहते. गटातील बऱ्याच जणी टॉवेलच्या कारखान्यांत कामाला असून पाळ्या वेगवेगळ्या असल्यामुळे आमची मासिक सभा रात्री झूमवर होते. गेल्या सभेत एका बँक अधिकाऱ्यांनी कर्जाच्या हप्त्यांची माहिती दिली आणि पुण्याच्या एक दुभाषी ती सांकेतिक भाषेत सांगत होत्या. होस्ट मीच होते. मी दुभाषींच्या चौकटीवर Pin निवडले, माझ्या लॅपटॉपवर त्या मोठ्या दिसू लागल्या आणि सर्वांना तसेच दिसत असणार असे मी धरून चालले. चाळीस मिनिटांनी एका सदस्येने आपल्या फोनच्या पडद्याचे छायाचित्र पाठवले. त्यात पडदाभर अधिकाऱ्यांचा चेहरा होता, दुभाषी कुठेच नव्हत्या. हप्ता चुकल्यास दंड कसा लागतो, हा सगळा भाग तिच्या हातून निसटला, याचे मला फार वाईट वाटते. पुढची सभा रविवारी आहे. 26 जणी असतील, त्यांतील बहुतेक फोनवरून. कृपया मार्ग सुचवावा.

होटगीरोड
प्रत्येकीला स्वतःच्या फोनवर Pin करायला सांगा, प्रश्न मिटेल. शिवाय तुम्ही Pin केल्यामुळे क्लाउड रेकॉर्डिंगमध्ये दुभाषी मोठ्या दिसतीलच.

हातवारे
मी दूरस्थ दुभाषी म्हणून काम करते. होटगीरोड यांचे पहिले म्हणणे अर्धे बरोबर आहे. Pin केवळ करणाऱ्याच्याच पडद्यापुरते असते, त्यामुळे 26 जणींनी ते न चुकता केले तरच उपयोग. एखादीचे नेट तुटून ती पुन्हा आत आली, की तिला ते नव्याने करावे लागते. क्लाउड रेकॉर्डिंगवर मात्र Pin चा परिणाम होत नाही.

मूळ अडचण अशी की झूम आवाजाच्या मागे जाते. जो बोलतो त्याचा चेहरा मोठा होतो आणि दुभाषी तर हातांनी बोलत असते, माइक बंद असतो. म्हणून ती आपोआप कधीच पुढे येत नाही. यावर होस्टने दुभाषींच्या चौकटीवरील तीन टिंबांतून Spotlight for Everyone निवडावे. मग व्हिडिओ सर्वांकडे मोठा होतो आणि कोणी खोकले तरी हलत नाही. त्यानंतर अधिकाऱ्यांच्या चौकटीवर Add Spotlight निवडावे. तिथेच Replace Spotlight असते. घाईत तेवढे दाबले गेले, तर दुभाषी जातात आणि त्यांच्या जागी अधिकारी येतात. एका वेळी नऊ जणांपर्यंत असे करता येते, पण फोनच्या पडद्यावर दोनच ठेवा, नाहीतर बोटे ओळखू येत नाहीत.

भुईकोट
मनापासून आभार. काल दुभाषीताईंबरोबर तालीम करून पाहिली, पण मला तो पर्याय दिसलाच नाही. आम्ही दोघीच होतो.

हातवारे
तेच कारण असावे. सभेत किमान तिघांचा व्हिडिओ सुरू असावा लागतो. घरातील कोणाच्या फोनवरून तिसरी जोडणी करून पाहा. पर्याय फक्त होस्ट आणि सहहोस्टला मिळतो, म्हणून एखाद्या ऐकू येणाऱ्या सदस्येला Make Co-Host करून हेच एक काम सोपवा. दुभाषी दोन असल्या तर सुमारे वीस मिनिटांनी अदलाबदल होते. तेव्हा आधी नवीन दुभाषींना जोडावे, मगच पहिल्यांचे Remove Spotlight करावे, म्हणजे मधे रिकामी जागा राहत नाही.

ज्वारीचे_कोठार
मी शाळेत गूगल मीटवर तास घेतो. माझे विद्यार्थी कॅमेरे बंद ठेवतात, त्यांना सुरू करायला लावायचा काही उपाय आहे का?

हातवारे
तो विषय निराळा आहे, सर. वेगळा धागा काढावा. मीटवर दुभाषींसाठी होस्टला आपल्यापुरते आणि सर्वांसाठी असे Pin चे दोन पर्याय मिळतात, एवढे या विषयाशी जुळणारे सांगते.

शांतश्रोता
मी स्वतः कर्णबधिर आहे, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्यापैकी एखादी खुणांनी प्रश्न विचारते तेव्हा तो दुभाषी आवाजात सांगतात. अधिकाऱ्यांना प्रश्न कळतो, पण इतर कर्णबधिर सदस्यांना प्रश्न विचारणारी दिसत नाही आणि थेट उत्तरच येते. म्हणून तिने हात वर केला, की सहहोस्टने तिलाही Add Spotlight करावे आणि ती पडद्यावर आल्यावर मानेने खूण करावी. मगच तिने सुरुवात करावी.

भुईकोट
हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता एकच शंका उरते. अधिकारी हप्त्यांचा तक्ता स्क्रीन शेअर करून दाखवतात, तेव्हा फोनवर काय होते?

हातवारे
फोनवर तक्ता पडदा व्यापतो आणि दुभाषी कोपऱ्यातील छोट्या चौकटीत जातात; स्पॉटलाइटही तिथे पुरत नाही. लॅपटॉपवर तक्ता आणि व्हिडिओ शेजारी ठेवून मधली रेघ ओढता येते, फोनवर तसे जमत नाही. मी तक्ता आदल्या दिवशी गटावर पाठवायला सांगते आणि सभेत शेअर बंदच ठेवते.

होटगीरोड
पण दोन ओळींची तुलना करायची असेल, तर फोनवर एकदा तक्ता, एकदा दुभाषी असे करत त्या गोंधळतील ना?

शांतश्रोता
गोंधळतात. आम्ही तक्ता छापून समोर ठेवतो आणि अधिकारी ओळीचा आकडा सांगून थोडे थांबतात. ज्यांच्याकडे छापील प्रत नाही, त्यांच्यासाठी मला अजून चांगला उपाय सापडलेला नाही.

भुईकोट
पार्क चौकात झेरॉक्स काढून शनिवारी सर्वांना प्रती पोचवते. दोन सदस्या अक्कलकोटला असतात, त्यांचे कसे करावे ते कोणी सुचवले तर बरे होईल.