मदत हवी आहे: दोषमुक्त झालो, तरी गुगलवर नाव टाकलं की गुन्ह्याचीच बातमी येते

परदेशी_पुणेकर: मी आइंडहोव्हनला, नेदरलँड्समध्ये नोकरी करतो. 2013 मध्ये पुण्यात ज्या कंपनीत होतो तिच्या मालकावर फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. त्यात माझंही नाव आलं. 2017 मध्ये न्यायालयाने मला दोषमुक्त केलं. गुन्ह्याची बातमी दोन संकेतस्थळांवर आहे, सुटल्याची कुठेच नाही. गेल्या महिन्यात घरमालकिणीने भाडेकरार करायच्या आधी ती बातमी बायकोसमोर दाखवून विचारलं. फार लागलं मनाला.

गुगलला अर्ज केला, 'बातमी जुनी आहे, बदनामी होते' असं लिहून. परवा नकार आला. आता काय करू?

सुमेध_क: Refresh Outdated Content नावाचं पान आहे, तिथे लिंक टाका. जुन्या कंपनीच्या पानावरचा माझा नंबर तसाच गेला.

मावळती: सुमेध, कंपनीने तो नंबर आधी स्वतःच्या पानावरून काढला असणार. मूळ पान बदललं किंवा उडालं असेल तरच ती सोय चालते. इथे बातमी जशीच्या तशी आहे.

पुणेकर, नुसतं जुनं असणं पुरत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने (खटला सी-136/17) सांगितलं की बातमी खटल्याच्या आधीच्या टप्प्याची असेल आणि आजची स्थिती वेगळी असेल, तर शोधयंत्राने ते तपासायचं. लिंक ठेवायची ठरली तरी निदान आजची स्थिती आधी दिसेल असा क्रम लावायचा. तुमचा मुद्दा हाच आहे. दोषमुक्तीच्या आदेशाची प्रमाणित प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर जोडा, बातमीतलं कोणतं वाक्य आज खरं नाही ते दाखवा. दोन्ही लिंका पूर्ण द्या. नाव रोमन आणि देवनागरी, दोन्हीत लिहा, कारण लिंक फक्त नावाने शोधल्यावरच जाते. कंपनीच्या नावाने शोधलं तर ती दिसतच राहणार.

पुन्हा नकार आला तर डच डेटा संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. न्यायालयात जायचं असेल तर उत्तर मिळाल्यापासून 6 आठवड्यांची मुदत असते, म्हणून परवाची तारीख लिहून ठेवा आणि वकिलाला आत्ताच विचारा.

कृष्णाकाठ: माझ्या भावाचंही असंच आहे, पण तो सांगलीत राहतो. त्याने हाच फॉर्म भरला तर?

मावळती: हा फॉर्म युरोपातल्यांसाठी आहे. पुणेकरांची लिंक गेली तरी युरोपातल्या शोधातूनच जाईल, भारतात दिसेल. भारतात बहुतेकांना उच्च न्यायालयात जावं लागतं. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एकाला अंतरिम दिलासा दिला होता, पण प्रत्येकाला तसाच मिळेल असं नाही.

परदेशी_पुणेकर: आभार. प्रत काढायला भाऊ सोमवारी शिवाजीनगर न्यायालयात जातोय. पण बहिणीचं लग्न जमवताना पुण्यातली माणसं हेच नाव शोधणार. दोन्ही संपादकांना आदेश पाठवून त्याच बातमीखाली 'दोषमुक्त' अशी ओळ घालायला सांगितलं, तर कुणाचं ऐकलंय का त्यांनी?